चौदा वर्षं जुन्या ऑपरेटरला ‘निवड झाली नाही’ हे कसं लिहायचं?

प्रश्न: ‘जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाईपच्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर आहे. शिफ्ट इन्चार्जच्या जागेसाठी आमच्याच दोघांच्या मुलाखती झाल्या. चार वर्षं जुना मुलगा निवडला, चौदा वर्षं जुना ऑपरेटर राहिला. त्याला काय मेसेज लिहू? मन मोडायचं नाही, पण खोटंही लिहायचं नाही.’

मेसेजचे शब्द नंतर बघू. आधी एका कोऱ्या कागदावर एवढं एक वाक्य लिहा: ‘त्यांनी अमुक केलं असतं, तर मी त्यांनाच निवडलं असतं.’ त्या ‘अमुक’च्या जागी काय येतं ते प्रामाणिकपणे भरा. जागा भरली गेली तर पत्र दहा मिनिटांचं काम आहे. भरलीच गेली नाही तर कितीही गोड लिहा, तो माणूस ते दोनदा वाचेल आणि यात काहीच नाही हे ओळखेल. जळगाव, भुसावळ आणि धुळ्याच्या कारखान्यांत मिळून बावीस वर्षं मी मनुष्यबळाचं काम बघते आहे. अशी पत्रं फसतात ती भाषेमुळे क्वचितच. लिहिणाऱ्याकडे कारणच तयार नसतं, म्हणून ती फसतात.

ती जागा तुमच्याकडे कशी भरते, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. तिथे एखादं काम आलं, म्हणजे रिपोर्ट लिहिणं, हाताखालच्यांना शिकवणं, दोन लाईन एकाच वेळी सांभाळणं, तर मार्गदर्शन जरूर लिहा. तिथे ‘डिप्लोमा’ आला, तर मला तुम्हालाच विचारावं लागेल की डिप्लोमा सक्तीचा होता तर त्यांना मुलाखतीला का बसवलं? ती चूक तुमची आहे, आणि पत्रात ती तशीच कबूल करा. आणि तिथे आलं की मालकांनी नाव आधीच ठरवलं होतं, तर सुधारणेचे मुद्दे शोधून काढू नका. अशा वेळी ‘निर्णय झाला आहे, तुमच्या कामातल्या उणिवेमुळे नाही’ एवढंच लिहिणं खरं असतं. नसलेली उणीव दाखवली तर तो माणूस ती दुरुस्त करण्यात वर्ष घालवेल.

हे मी स्वतः करून बसले आहे. सुरुवातीच्या काळात एका कंपनीत मी एका फिटरला लिहिलं होतं: ‘आपला अनुभव मोलाचा आहे, थोडी तांत्रिक पात्रता वाढवावी, पुढच्या वेळी नक्की विचार करू.’ खरं कारण वेगळं होतं. ते कंत्राटी कामगारांवर ओरडायचे, आणि दोन पोरं त्यांच्यामुळे काम सोडून गेली होती. हे लिहायला मला जड गेलं, म्हणून मी ‘तांत्रिक पात्रता’ लिहिलं. त्यांनी रविवारी-रविवारी जाऊन वर्षभराचा कोर्स केला, पदरचे पैसे घातले, सर्टिफिकेट माझ्या टेबलावर आणून ठेवलं. पुढच्या वेळी त्यांची पुन्हा निवड झाली नाही, कारण ओरडणं तसंच होतं. ते सुरतेला निघून गेले. जाताना त्यांनी विचारलं, ‘मॅडम, मन्हं काय चुकनं ते तव्हाच का नही सांगं?’ त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

आता तुमच्यासारखंच एक प्रकरण सविस्तर सांगते. तेही पाईपच्याच कारखान्यातलं आहे, म्हणजे तुम्हाला लगेच कळेल.

त्यांना सगळे नाना म्हणायचे. मशीनचा आवाज बदलला की ते पंचवीस फुटांवरून ओळखायचे. पाईपची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ यायला लागली की डायचे बोल्ट कुठे आणि किती आवळायचे, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. इन्चार्जच्या जागेसाठी सगळ्यांनी त्यांचंच नाव गृहीत धरलं होतं. निवडीच्या चर्चेत मात्र एका रात्रीचा विषय निघाला. त्या रात्री लाईट गेली आणि तिन्ही लाईन बंद पडल्या. पीव्हीसी गरम बॅरलमध्ये थांबून राहिलं की पिवळं पडतं, मग काळं होतं, जळतं. म्हणून लाईट आल्याबरोबर प्रत्येक लाईनवर कुणीतरी लागून माल बाहेर काढायचा असतो. नाना दोन नंबरच्या लाईनवर गेले आणि दीड तास खपून स्वतःच्या हातांनी डाय उघडून साफ केली. काम अप्रतिम झालं. पण एक आणि तीन नंबरच्या लाईनवर दोन हेल्पर त्यांच्याकडे बघत उभे राहिले, कारण काय करायचं ते त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं. दोन्हीकडे माल जळला, सकाळी दोन्ही डाय उघडाव्या लागल्या. आणि शिफ्टच्या रजिस्टरमध्ये नानांनी लिहिलं होतं: ‘लाईट गेली होती. लाईन चालू केली.’ तीन नंबरच्या एका हीटरचं तापमान त्यांनी उतरवून ठेवलं होतं, ते सकाळच्या शिफ्टला माहीतच नव्हतं. त्या शिफ्टचे पहिले दोन तास कारण शोधण्यातच गेले.

म्हणजे आमचं ‘अमुक’ सापडलं होतं. नाना सगळं स्वतःच्या हाताने करतात आणि केलेलं लिहून ठेवत नाहीत. ऑपरेटर म्हणून हा गुण होता, इन्चार्ज म्हणून तीच अडचण होती. ‘नेतृत्वगुण कमी पडतात’ असं आम्ही लिहिलं असतं, तर त्यांनी ते घरी नेऊन काय केलं असतं? ‘त्या रात्री दोन हेल्पर उभे राहिले’ हे मात्र त्यांना स्वतःला आठवत होतं. म्हणून कारण लिहिताना गुणाचं नाव लिहू नका, घडलेला प्रसंग लिहा.

पत्राआधी समोर बसून सांगायचं, याला पर्याय नाही. व्हॉट्सॲपवर आधी पाठवू नका. शिफ्ट सुरू होताना सांगू नका, कारण मग डोक्यात हे घेऊन त्यांना आठ तास गरम मशीनसमोर उभं राहावं लागतं. तसं करणं धोक्याचंही आहे. मी पहिल्या शिफ्टला बोलावते आणि सुटायच्या तासभर आधी सांगते, म्हणजे नंतर मशीनवर परत जावं लागत नाही आणि कँटीनमध्ये सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागत नाहीत. नोटीस बोर्डावर नाव त्यानंतरच लावायचं. निवड झालेल्या मुलालाही आदल्या दिवशी सांगून ठेवायचं की उद्या दुपारपर्यंत पेढे वाटू नकोस. एका ठिकाणी पेढ्यांचा पुडा आधी लाईनवर पोचला आणि राहिलेल्या माणसाला बातमी त्या पुड्यावरून कळली. त्यानंतरच्या माझ्या एका शब्दालाही तिथे किंमत उरली नाही.

बोलताना पहिल्याच वाक्यात निर्णय सांगा. घरचं कसं चाललंय, पोरगी बारावीला ना, असं विचारत विचारत विषयावर येऊ नका. तुम्ही बोलावलंय म्हणजे काय, ते त्यांना दारातच कळलेलं असतं. सांगून झालं की गप्प बसा. नाना जवळजवळ मिनिटभर काही बोलले नाहीत, टेबलावर हात ठेवून बसले. मनगटावर जुने भाजल्याचे डाग होते, मी तेच बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, ‘त्याच्यात काय आहे जे माझ्यात नाही?’ हा प्रश्न येतोच. मी म्हटलं, ‘नाना, मी त्याच्याविषयी तुमच्याशी बोलणार नाही, तसंच तुमच्याविषयी त्याच्याशी बोलणार नाही. जागेला काय लागतं आणि त्यात तुमचं काय राहिलं, तेवढं सांगते.’ तुलना एकदा सुरू झाली की पुढे दोघांना एकाच शिफ्टमध्ये काम करणं अवघड होतं.

मग हे पत्र दिलं. मराठीतच, एका पानावर, सहीसह. ते घरी जातं, बायको वाचते, कधी मुलगा मोठ्याने वाचून दाखवतो, हे लक्षात ठेवून लिहायचं.

‘नाना,

शिफ्ट इन्चार्जच्या जागेसाठी या वेळी तुमची निवड झालेली नाही. आज समोर बसून जे सांगितलं तेच लिहून देत आहे, म्हणजे घरी शांतपणे वाचता येईल. हा निर्णय प्लँट हेड आणि मी मिळून घेतला आहे.

मशीनच्या ज्ञानात तुम्ही कमी पडला नाहीत. इन्चार्जला मात्र तिन्ही लाईन दुसऱ्यांच्या हातांनी चालवाव्या लागतात. लाईट गेली त्या रात्री तुम्ही दोन नंबरची लाईन उत्तम सांभाळली, पण एक आणि तीन नंबरवर हेल्परना काय करायचं ते माहीत नव्हतं आणि तिथे माल जळला. तीन नंबरच्या हीटरमध्ये केलेला बदल रजिस्टरमध्ये नव्हता, त्यामुळे सकाळच्या शिफ्टला कारण शोधावं लागलं. या दोन गोष्टींमुळे निवड झाली नाही. तिसरं कारण नाही.

तुमची इच्छा असेल तर पुढचे तीन महिने या दोनच गोष्टींवर काम करू. एक, शिफ्ट संपताना रजिस्टरमध्ये प्रत्येक लाईनचं लिहायचं: कुठला साइज चालू आहे, काय बदललं, किती किलो भंगार निघालं, लाईन थांबली असेल तर का. दोन, तुम्ही दोन हेल्पर निवडायचे आणि त्यांना डाय साफ करणं व लाईन पुन्हा सुरू करणं शिकवायचं. तीन महिन्यांच्या शेवटी ते दोघं तुम्ही हात न लावता हे काम करतील, ते आम्ही उभं राहून बघू. शिकवण्यासाठी आठवड्यात दोन तास तुम्हाला लाईनवरून मोकळं करू. दर गुरुवारी मी पंधरा मिनिटं तुमच्यासोबत रजिस्टर बघेन.

इन्चार्जची पुढची जागा कधी निघेल ते माझ्या हातात नाही, आणि ती तुम्हालाच मिळेल असं वचन मी देत नाही. जागा निघाली तर या दोन गोष्टींचं कारण पुन्हा पुढे येणार नाही, एवढं नक्की. हे सगळं नको असेल तरी तुमच्या आजच्या कामावर आणि पगारावर त्याचा परिणाम होणार नाही.

पुढच्या गुरुवारी भेटू. त्याआधी काही विचारायचं असेल तर थेट या.’

यात कौतुक एकदाच आहे, आणि निर्णयाशी ज्याचा संबंध आहे त्याचंच आहे. इतक्या वर्षांची निष्ठा, कंपनी तुमची ऋणी आहे, वगैरे मी मुद्दाम घातलं नाही. बढती नाकारणाऱ्या कागदावर ती वाक्यं निरोपासारखी वाचली जातात. ‘दुर्दैवाने’ हा शब्दही नाही, कारण निर्णय दैवाने नव्हे, आम्ही घेतला होता. याच कारणासाठी ‘व्यवस्थापनाने ठरवलं’ असंही लिहू नका. कुणी ठरवलं ते लिहा.

‘तिसरं कारण नाही’ हे वाक्य लिहिण्याआधी मी दोन दिवस विचार केला. हे लिहिलं की तुम्ही बांधले जाता. पुढच्या मुलाखतीत वयाचं किंवा इंग्रजीचं नवं कारण काढता येत नाही. पण या वाक्याशिवाय बाकीचं मार्गदर्शन त्यांना बहाणा वाटतं. खरोखर तिसरं कारण असेल तर तेही लिहा, आणि लिहिण्यासारखं नसेल तर ते निर्णयातही नसायला हवं. युनियनमधल्या कामामुळे बढती अडवणं ही तर कायद्याने अनुचित कामगार प्रथा आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात ती नावानिशी नोंदलेली आहे. असं काही मनात आलं असेल तर पत्र बाजूला ठेवा आणि निर्णयच परत तपासा.

मुद्दे दोनच का, असं मला नेहमी विचारलं जातं. मॅनेजर लोकांचा कल सहा-सात मुद्दे लिहिण्याकडे असतो: संवाद, संगणक, वेळेचं नियोजन, सुरक्षितता. इतकं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं की आपल्याबद्दलची नापसंती मोठी आहे, नेमकी कशासाठी ते मात्र कळत नाही. ज्या एक-दोन गोष्टींमुळे निकाल फिरला तेवढ्याच लिहा, आणि प्रत्येकीची परीक्षा अशी ठेवा की तिसऱ्या माणसाने उभं राहून बघितली तरी ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ म्हणता येईल. ‘हेल्परना मार्गदर्शन करावं’ याची परीक्षा होत नाही. ‘हेल्पर डाय साफ करतील आणि तुम्ही हात लावणार नाही’ याची होते.

दोन ठिकाणी हे सगळं नंतर बिघडतं, ते आधीच सांगते. एक म्हणजे प्रगती बघायचं काम नव्या इन्चार्जवर सोपवलं जातं. त्याच दोघांत चुरस होती, आणि आता एकाने दुसऱ्याच्या वहीवर सही करायची, हे दोघांवरही अन्याय आहे. ते काम तुमच्याकडेच ठेवा. दुसरं, शिकण्याच्या नावाखाली त्यांना इन्चार्जचंच काम दिलं जातं, पगार मात्र ऑपरेटरचा राहतो. एखाद-दोन वेळा बदली म्हणून ठीक आहे. महिनोन्‌महिने चालणार असेल तर त्याचा भत्ता द्या, नाहीतर तुमचं पत्र म्हणजे फुकट काम करून घेण्याचा कागद होता असं ते म्हणतील, आणि ते बरोबर असेल.

पहिल्या महिन्यात लक्ष ठेवा. रागावलेला अनुभवी ऑपरेटर भांडत नाही, तो सांगणं बंद करतो. मशीनचा आवाज बदललेला त्याला कळतो, पण तो बोलत नाही, कारण विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. रजा वाढली, चहाला वेगळा बसायला लागला, जो दोष तो आधी दाखवायचा तो आता इन्स्पेक्शनलाच सापडायला लागला, तर समजा की पत्र पोचलं पण पटलं नाही. मग गुरुवारची वाट बघू नका, त्याच दिवशी बोलवा. ‘पत्रातलं कुठलं वाक्य तुम्हाला खोटं वाटतं?’ एवढंच विचारा. बहुतेक वेळा ते एका वाक्यावर बोट ठेवतात, आणि दोनपैकी एकदा तरी त्यांचं बरोबर असतं.

नानांनी तेराही गुरुवार पाळले. रजिस्टर पहिल्या महिन्यातच नीट यायला लागलं, पुढे बाकीचे ऑपरेटर त्यांच्यासारखं लिहायला लागले. दोन हेल्परपैकी एकाने शेवटी डाय उघडून साफ करून दाखवली, दुसऱ्याला अजून वेळ लागणार होता. त्या दिवशी नाना हात मागे बांधून उभे होते, आणि ते त्यांना किती कठीण जात होतं ते दिसत होतं. नंतर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘मॅडम, लिहिणं जमलं. पण रात्रभर दुसऱ्याच्या चुका बघत उभं राहणं मला नको. पोरांना शिकवायचं काम मात्र द्या.’ नव्या हेल्परचं पहिल्या महिन्याचं शिकवणं त्यांच्याकडे दिलं, आणि पुढच्या वार्षिक वाढीत त्याची दखल पगारात घ्यायला लावली. इन्चार्ज व्हायचं की नाही हे त्यांनी स्वतः ठरवलं, कारण त्या कामात नेमकं काय करावं लागतं ते त्यांनी तीन महिने करून बघितलं होतं.

तुमच्या प्रश्नात त्यांची निवड का झाली नाही, हे कुठेच नाही. ते कोऱ्या कागदावरचं वाक्य भरा आणि नावगाव वगळून इथे टाका. पत्र त्यानंतर एकत्र बघू. तोवर नोटीस बोर्डावर नाव लावू नका.